बर्फाची पाटी: एका भाषांतराचं परीक्षण

जपानमध्ये उन्हाळ्यात काही दुकानांबाहेर एक पांढरं निशाण लटकलेलं दिसतं. मधोमध लाल रंगात एकच मोठं अक्षर, खाली निळ्या लाटा. अक्षर आहे 氷. उच्चार ‘कोरी’, अर्थ ‘बर्फ’. निशाण दिसलं की तिथल्या माणसाला कळतं, इथे काकिगोरी मिळेल, म्हणजे वाडग्यातला किसलेला बर्फ आणि वर गोड पाक. नारामधल्या एका गल्लीत मी त्याचा फोटो काढला. घरी आल्यावर आजीसाठी अल्बम करायला घेतला. आजी फक्त मराठी वाचते, म्हणून ठरवलं की फोटोतली पाटीच मराठीत करायची, त्याच रंगात आणि त्याच ढंगात. हे परीक्षण माझ्याच त्या कामाचं आहे.

पहिल्या प्रयत्नात मी लिहिलं ‘गोळा’. वाटलं, अचूक! आपल्याकडेही गाडीवर एवढा एक शब्द पुरतो. आजीने फोटो पाहिला आणि विचारलं, “अगं, मग काडी कुठाय?” फोटोत खालच्या टेबलावर वाडगा आणि चमचा स्पष्ट दिसत होता. शब्द एक सांगत होता, चित्र दुसरंच. नारातल्या दुकानाला मी परस्पर चौपाटीवर आणून ठेवलं होतं.

मग ‘हिम’ लिहून पाहिलं. ते फारच पुस्तकी वाटलं, आणि हिम म्हणजे आकाशातून पडणारा बर्फ. उरला ‘बर्फ’. त्याची भीती अशी की आपल्याकडे ही पाटी लाद्या विकणाऱ्या दुकानावर शोभेल. पण मूळ पाटी तरी वेगळं काय सांगते? तीही फक्त ‘बर्फ’ म्हणते. बाकीचा अर्थ लाटा, उन्हाळा आणि वाडगा मिळून पुरा करतात. भाषांतरात मी तो अर्थ शब्दात कोंबायला निघाले होते. तो चित्रावर सोडायला हवा होता. म्हणून ‘बर्फ’ कायम केला.

आता अक्षराचा ढंग. 氷 कुंचल्याने लिहिल्यासारखं असतं: पाच फटकारे, मधला उभा दांडा खाली आकड्यासारखा वळलेला, उजवा फटकारा खाली जाताना जाड होऊन टोकाला निमुळता झालेला. फोनमधल्या तयार फॉन्टमध्ये ‘बर्फ’ टाकला तर जाडी सगळीकडे सारखी आली. ते दुकानाचं निशाण वाटेना, सरकारी सूचना वाटायला लागली. देवनागरीतली जाड-बारीक रेघ मुळात तिरक्या कापलेल्या बोरूतून येते, म्हणजे ती टोकाच्या कोनावर ठरते. कुंचल्यात ती दाबावर ठरते. म्हणून फॉन्ट सोडला आणि कागदावर कुंचल्यानेच लिहिलं.

तेव्हा एक गंमत लक्षात आली. ‘फ’चा दांडा मधोमध असतो, डावीकडे पोट आणि उजवीकडे शेपूट. 氷चीही मांडणी अशीच, मधल्या दांड्याच्या दोन बाजूंना. त्याच्या डाव्या खांद्यावर एक ठिपका असतो. आपल्या ‘र्फ’च्या डोक्यावर रफार. म्हणून ‘फ’ मोठा केला, त्याचा दांडा खाली किंचित वळवला आणि रफार एका दाबात ठिपक्यासारखा मारला. ‘ब’ त्याच्या डावीकडे थोडा लहान ठेवला.

मधे एकदा एकाखाली एक अक्षरं रचायचा मोह झाला होता. जपानी पाट्या उभ्या असतात ना! पण ‘ब’खाली ‘र्फ’ आला की रफार ‘ब’च्या पायात अडकतो. ज्या ॲपला देवनागरी जोडता येत नाही, ते तर ‘र्’ आणि ‘फ’ वेगळे पाडतं. उभ्या पाटीत पाय मोडलेला ‘र्’ एकटा दिसला, तर समजावं की तोडणी अक्षरांची न होता टंकलेल्या खुणांची झाली आहे.

शेवटचं काम कापडाचं. मूळ अक्षर पुसून तिथे शेजारचं पांढरं कापड भरलं. लाल रंग फोटोतूनच उचलला. सावलीतला तो रंग विटेकडे झुकलेला होता. माझं अक्षर ‘मल्टिप्लाय’ थरावर ठेवलं, म्हणजे कापडाच्या सुरकुत्या त्यातून दिसू लागल्या. तरी जिथे कापड दुमडलं होतं तिथे अक्षर दुमडलं नाही. ‘फ’ची शेपूट चुणीवरून सरळ चालत गेली. नीट पाहिलं तर खोटेपणा तिथे पकडता येतो.

शिरोरेषेचंही पूर्ण जमलं नाही. 氷ला वर मोकळं आकाश आहे, माझ्या ‘बर्फ’वर छप्पर आलं. रेघ काढून टाकली तर ‘ब’ विचित्र दिसायचा, म्हणून ती ठेवली, फक्त दोन अक्षरांमध्ये तोडली.

अल्बममध्ये आता डाव्या पानावर मूळ फोटो आहे, उजव्या पानावर माझा. आजीने आधी उजवं पान वाचलं. मग डाव्या पानावरच्या 氷वर बोट ठेवून म्हणाली, “म्हणजे हा बर्फ.”

पुढच्या पानावर तेच निशाण दुसऱ्या दुकानाबाहेर आहे. तिथे मी काहीच बदललं नाही. आजीने ते स्वतः वाचलं.