तीन कुरूअ : एका शब्दाच्या लिंगावरचा वाद

सूरह अल-बकराच्या २२८ व्या आयतीत तलाक झालेल्या स्त्रीची इद्दत 'तीन कुरूअ' सांगितली आहे. अनेक भाषांतरांत आम्हाला 'तीन मासिक पाळ्या' एवढेच वाचायला मिळते. ते चुकीचे नाही. पण फकीहांनी ज्यावर शतकानुशतके डोके खपवले, त्याचा निकाल भाषांतरकार वाचकाला न सांगताच लावून मोकळा होतो.

'कुर्अ' या अरबी शब्दाला दोन अर्थ आहेत : पाळी, आणि दोन पाळ्यांमधला पाक काळ, म्हणजे तुहर. हनफी पहिला अर्थ घेतात, शाफिई आणि मालिकी दुसरा. तुहरमध्ये तलाक दिला, तर शाफिई मताने तो उरलेला तुहर पहिला धरला जातो आणि तिसरी पाळी सुरू होताच इद्दत संपते. हनफी मताने ती पाळी पुरी व्हावी लागते. फरक थोड्या दिवसांचा. पण तलाक रजई असेल तर त्याच दिवसांत पती पत्नीला परत घेऊ शकतो की नाही, हे यावर ठरते. आपल्याकडे कोकणात शाफिई आणि घाटावर बहुतेक हनफी, म्हणजे एकाच महाराष्ट्रात दोन उत्तरे!

आता व्याकरण पाहा. अरबीत तीन ते दहा या संख्या मोजलेल्या नामाच्या उलट लिंगात येतात. आयतीत 'सलासता' हे स्त्रीलिंगी रूप आहे, म्हणून नाम पुल्लिंगी हवे. तुहर पुल्लिंगी आहे, पाळीचा 'हैदा' (आपल्या बोलण्यातला हैज) स्त्रीलिंगी. तेव्हा अर्थ तुहरच, असे शाफिई पक्ष म्हणतो. हनफींचे उत्तर आम्हाला वर्गात शिकवण्याजोगे वाटते : लिंग वस्तूचे नसते, शब्दाचे असते. मराठीत तो देह, ती काया, ते शरीर, वस्तू एकच. संख्या 'कुर्अ' या शब्दाशी जुळते, आणि तो शब्द पुल्लिंगीच आहे.

मग हनफी उलट विचारतात : अर्धवट तुहर धरून तीन पुरे कसे होणार? 'तीन' म्हणजे तीन, अडीच नव्हे. येथे शाफिई बलागतीकडे वळतात. हजचे 'महिने' असे अनेकवचन कुरआनात आहे, पण अनेक फकीहांच्या मते ते शव्वाल, जिलकाद आणि जिलहिज्जचे फक्त दहा दिवस. भागाला पूर्णाचे नाव देणे हा अरबीतला रूढ मजाज आहे. हनफी म्हणतात, तेथे नुसते अनेकवचन आहे, येथे आकडा उच्चारला आहे. आकड्यात मजाज शिरत नाही. आम्हाला हे उत्तर वजनदार वाटते.

कुर्तुब्याचे काजी इब्ने रुश्द (मृत्यू ११९८) स्वतः मालिकी. 'बिदायतुल मुज्तहिद'मध्ये त्यांनी दोन्ही बाजूंच्या भाषिक दलीली मांडल्या, त्या जवळजवळ सारख्या तोलाच्या मानल्या, आणि अर्थाच्या बाजूने हनफी मत अधिक स्पष्ट असल्याचे लिहिले.