चहाचा पेला आणि प्रायश्चित्त

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून मुलांचे शिक्षण दोन भाषांत होते. शाळेत हिंदी, घरी मराठी. त्यामुळे एखादा शब्द दोन्हीकडे सारखाच दिसतो आणि त्याचा अर्थ मात्र वाटेत बदललेला असतो. काही वर्षांपूर्वी वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो असता एका चुणचुणीत मुलाने न्यायमूर्ती रानडे यांच्याविषयी सांगितले, की त्यांनी मिशनऱ्यांकडे चहा घेतला, पुढे त्यांना त्याचा पस्तावा झाला आणि त्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्याच्या पाठोपाठ आलेल्या मुलीने याच गोष्टीवरून त्यांना भित्रे ठरविले. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मला मात्र राहून राहून वाटत होते, की दोघांचीही चूक एकाच शब्दापाशी झाली आहे.

आज आपण प्रायश्चित्त म्हणतो तेव्हा मनातला पश्चात्ताप डोळ्यांपुढे येतो. जुन्या व्यवहारात तो मुख्यतः एक विधी होता. स्नान, पंचगव्य, दान-दक्षिणा असे त्याचे ठरलेले टप्पे असत आणि तो पार पडला की बिरादरीचे बंद झालेले दार पुन्हा उघडे. मनात पस्तावा असो वा नसो, विधी झाला म्हणजे झाला. हा फरक ध्यानी घेतल्यावाचून पंचहौद मिशनचे प्रकरण उलगडत नाही.

प्रकरण असे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हाती घेऊन तसाच ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे जातीच्या धर्माचाराविषयीचा जाहीर तंटा. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली आणि चौकशीसाठी त्यांच्याकडून शास्त्री पुण्यास आले. यादीत रानडेही होते आणि टिळकही होते.

आपल्या गोष्टीरूप इतिहासाची पंचाईत होते ती इथेच. त्यात रानडे एका बाजूस आणि टिळक दुसऱ्या बाजूस उभे असतात. इथे दोघे एकाच यादीत आहेत आणि प्रायश्चित्तही दोघांनी घेतले आहे. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. त्याने सर्वांचे समाधान झाले नाही आणि घरच्या कार्यासाठी भटजी मिळविताना त्यांना पुढेही त्रास सोसावा लागला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. मग यातला सुधारक कोणता आणि सनातनी कोणता?

उत्तर शोधायचे तर प्रत्येकाच्या श्रद्धेपासून सुरुवात करावी लागते. रानडे प्रार्थना समाजाचे. १८६७ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या या समाजाने बंगालच्या ब्राह्मो मंडळींसारखी वेगळी जात होण्याचे टाळले. जात सोडा, मूर्ती सोडा, अशी अट सभासदांना घातली नाही. रानड्यांना आपला ईश्वरविचार संतांच्या भागवत धर्माचाच पुढचा टप्पा वाटत होता. समाजातून बाहेर पडणाऱ्याचे समाज ऐकत नाही, हे त्यांचे ठाम मत. ज्याला आत राहून घर बदलायचे आहे, त्याला कधी कधी घराच्या दारावरची जकात भरावी लागते. त्यांचे प्रायश्चित्त या विचाराशी विसंगत नव्हते. ते पटणे न पटणे वेगळे.

टिळकांचा विचार निराळ्या वाटेने जातो. चहाच्या प्रकरणाला तीन-चार महिने होतात न होतात तोच, जानेवारी १८९१ मध्ये, संमतिवयाचे विधेयक आले. पतीसमागमासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारा करणारे ते विधेयक. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. एवढेच वाचले तर माणूस बालविवाहाचा कैवारी वाटतो. पण त्याच सुमारास त्यांनी सुधारकांपुढे ठेवलेल्या प्रतिज्ञापत्रात मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत करू नये, असे कलम होते. अट एवढीच, की सही करणाऱ्यांनी हे बंधन आधी स्वतःवर घालून घ्यावे. परक्या सरकारने कायदा करून आपला धर्माचार बदलू नये, हा त्यांचा मुद्दा होता. डॉक्टर भांडारकरांनी तीच धर्मशास्त्रे उघडून, त्यांचा इतिहास लावून, कायद्याला शास्त्राची आडकाठी नाही असे प्रतिपादन केले. म्हणजे वाद धर्म विरुद्ध बुद्धी असा नव्हताच. ग्रंथ तेच होते. ते कोणी, कसे वाचायचे आणि अंमल कोणी करायचा, यावर वाद होता.

कोणी म्हणेल, असे सगळ्यांचे म्हणणे समजून घेत बसलो तर चूक कोणाचीच उरणार नाही. शंका रास्त आहे. समजून घेणे म्हणजे माफी देणे नव्हे. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमाने दगावली होती. कायद्याची निकड त्यावरून सर्वांना दिसली. स्वेच्छेच्या प्रतिज्ञेची वाट पाहणे हे तत्त्व म्हणून कितीही सुसंगत असले, तरी त्या वाट पाहण्याची किंमत टिळक देत नव्हते, मुली देत होत्या. आणि रानडे? पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये, विधवाविवाहाचा पुरस्कार करीत असताना, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. आत राहून बदल करण्याच्या धोरणाचीही किंमत होती आणि तीही एका मुलीनेच दिली.

त्याच मुलीने पुढे लेखणी हाती घेतली. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० चे पुस्तक मला या विषयावरचे सर्वांत उपयोगी पुस्तक वाटते. त्यात दोष नाही असे नाही. पती हा त्यांचा देव आहे आणि तो देव कधी चुकतो असे त्या सहसा लिहीत नाहीत. पण प्रायश्चित्ताच्या ठिकाणी त्यांची लेखणी अडखळते. यजमानांचे हे करणे आपल्याला रुचले नव्हते, हे त्या लपवीत नाहीत. बहिष्कार म्हणजे काय हेही त्यांच्यासारख्या घरातल्या बाईच्या लिहिण्यातूनच कळते. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, सोयरे दुरावतात, एकाच्या पेल्यासाठी मित्रांची कुटुंबेही वेठीला धरली जातात. सभेत उभे राहून हे दिसत नाही, स्वयंपाकघरातून दिसते.

तेव्हापासून मुलांना भाषण लिहून देताना मी एक करतो. वाक्यातून ‘थोर’ आणि ‘कर्मठ’ हे दोन शब्द काढायला सांगतो आणि त्यांच्या जागी तीन उत्तरे मागतो. या माणसाची श्रद्धा काय होती? तिच्यापायी समाज त्याचे काय बिघडवू शकत होता? आणि शेवटी भुर्दंड कोणाला बसला? तिसऱ्या उत्तरापाशी मुले थांबतात. एका मुलीने विचारले, “सर, मग यादीत रमाबाईंचे नाव का नाही?”

मी म्हटले, “बाळ, त्या चहाला गेल्याच नव्हत्या.” ती म्हणाली, “पण त्रास तर त्यांनाही झाला ना?” त्या वर्षी तिला बक्षीस मिळाले नाही, तिचे भाषण फार संथ झाले, असा शेरा होता. तो शेरा लिहिणाऱ्यांत मीही होतो, हे इथे नमूद करणे भाग आहे.