बाण कोणी काढला?

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रातील कामगारांना एकाच दिवशी प्रश्नावली दिली, असे समजू. सहसंबंध आले : ताण–निद्रानाश ०.५, निद्रानाश–चिडचिड ०.५, ताण–चिडचिड ०.२५. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्याइतका. म्हणून मानसशास्त्राचा शोधनिबंध निद्रानाशाला ‘मध्यस्थ’ ठरवतो : ताणामुळे झोप उडते, त्यामुळे चिडचिड होते. बॅरन व केनी यांच्या १९८६ च्या लेखानंतर अशा दाव्यांचे पीकच आले. आता बाण उलटे करा, चिडचिडीपासून ताणाकडे. किंवा निद्रानाशच दोहोंचे मूळ माना. गुणाकार तोच! निवड आकडे करत नाहीत, लेखक करतो, आणि ती निष्कर्ष म्हणून छापतो. ‘रात्रपाळीवाल्यांत हा संबंध अधिक तीव्र दिसतो’ एवढे अशी पाहणी सांगू शकते. पाळीमुळे तो तीव्र होतो, हे नाही. निदान आधी काय बदलले हे कळायला त्याच कामगारांची काही महिन्यांनी पुन्हा मोजणी हवी.