‘परिणाम आढळला नाही’ याचा अर्थ काय? इमिडाक्लोप्रिड व मधमाश्या : एका समीक्षा-लेखाचे चिकित्सक वाचन

तंजावर जिल्ह्यात सांबा हंगामाचे भात जानेवारी-फेब्रुवारीत कापणीला येते. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी उभ्या भातातच, ओल्या जमिनीवर उडदाचे बी फेकून पेरतात. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते आणि साधारण पाच-सहा आठवड्यांत फुलावर येते. पांढऱ्या माशीमुळे उडदावर पिवळा मोझॅक रोग पसरतो. म्हणून या काळात इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम यांसारखी निओनिकोटिनॉइड वर्गातील कीटकनाशके फवारली जातात. त्याच वेळी उडदाच्या, तिळाच्या आणि बांधावरच्या नारळाच्या फुलांवर सातेरी माश्या फिरत असतात.

समजा, एक मधपाळ सांगतो की फवारणीनंतर पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा खच दिसला नाही, पण महिन्याभरात वसाहती दुबळ्या झाल्या. माशी लगेच मरत नाही, पण तिची स्मरणशक्ती, दिशाज्ञान किंवा अन्न गोळा करण्याची क्षमता बिघडते, अशा मात्रेला आपण उपघातक मात्रा म्हणतो. मधपाळाची शंका या मात्रेविषयी आहे. प्रकाशित संशोधन त्याला काय उत्तर देऊ शकते, हे पाहण्यासाठी एक्सेटर विद्यापीठातील जेम्स क्रेसवेल यांचा २०११ साली ‘इकोटॉक्सिकॉलॉजी’ या नियतकालिकात आलेला समीक्षा-लेख आपण येथे तपासू.

लेखाने काय केले

इमिडाक्लोप्रिडचा मधमाश्यांवरील परिणाम मोजणारे १४ प्रकाशित अभ्यास क्रेसवेल यांनी एकत्र केले. त्यांत ७,०७३ प्रौढ माश्या आणि ३६ वसाहती यांवरील मोजमापे होती. हे सर्व अभ्यास प्रयोगशाळेतील किंवा जाळीखालच्या अर्ध-नैसर्गिक परिस्थितीतील होते. त्यांच्या आकड्यांवर मात्रा-प्रतिसाद वक्र बसवून लेखाने दोन निष्कर्ष काढले. पहिला असा की, शेतातील मकरंदात प्रत्यक्षात आढळते तेवढ्या इमिडाक्लोप्रिडने माश्या मरणार नाहीत, मात्र त्यांची कार्यक्षमता ६ ते २० टक्क्यांनी घटेल. दुसरा असा की, ज्या शेत-चाचण्यांनी ‘परिणाम आढळला नाही’ असे जाहीर केले होते, त्यांची रचनाच एवढी घट पकडण्यास अपुरी होती.

दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. त्याकडे जाण्यापूर्वी पहिल्यातील एक मुद्दा स्पष्ट करून घ्यायला हवा.

मात्रा आणि संहती

प्रयोगशाळेत माशीला साखरपाण्यातून ठरावीक वजनाचे कीटकनाशक देतात. ही झाली मात्रा. शेतात माशीसमोर असते ती संहती, म्हणजे एक ग्रॅम मकरंदात किती नॅनोग्रॅम कीटकनाशक आहे ते. दोन्हींची सांगड घालताना बहुतेक वाद उद्भवतात.

उदाहरण घेऊ. मकरंदात प्रतिग्रॅम ५ नॅनोग्रॅम कीटकनाशक आहे आणि माशी एका खेपेत ४० मिलिग्रॅम मकरंद उचलते असे धरा. एका खेपेत तिच्या मधपिशवीत ०.२ नॅनोग्रॅम कीटकनाशक येईल, आणि त्यातलेही बरेचसे ती पोळ्यात दुसऱ्या माश्यांच्या स्वाधीन करील.

आता मिकाएल आँरी व सहकाऱ्यांचा २०१२ सालचा फ्रान्समधील गाजलेला प्रयोग पाहा. त्यांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओ-पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीला २० मायक्रोलिटर साखरपाण्यातून १.३४ नॅनोग्रॅम थायामेथोक्झाम दिले आणि पोळ्यापासून दूर सोडले. कीटकनाशकामुळे घरी न परतण्याचे प्रमाण ओळखीच्या परिसरात १०.२ टक्के, तर अनोळखी परिसरात ३१.६ टक्के निघाले. ही मात्रा मारक नव्हती, तरी पोळ्याच्या हिशेबात न परतलेली माशी मेल्यातच जमा. मात्र भागाकार करून पाहा. १.३४ नॅनोग्रॅम २० मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे लिटरला ६७ मायक्रोग्रॅम झाले. आपण वर धरलेल्या मकरंदाच्या संहतीपेक्षा ही संहती दहापटीहून अधिक आहे. दिवसभराच्या अनेक खेपांत माशी एवढे कीटकनाशक घेऊ शकते, असे समर्थन करता येते. पण दिवसभर थोडे थोडे घेणे आणि एकदम घेणे यांत फरक आहे, कारण मधल्या वेळात माशीचे शरीर काही भाग निकामी करत असते.

क्रेसवेल यांच्या लेखातही हाच दोष थोड्या प्रमाणात शिरला आहे. एकदाच मात्रा दिलेले आणि अनेक दिवस खाऊ घातलेले प्रयोग त्यात शेजारी-शेजारी बसतात. शिवाय ‘कार्यक्षमता’ या एका शब्दात गंध शिकणे, खाद्यपात्राला भेटी देणे अशी वेगवेगळी मोजमापे एकवटली आहेत. ६ ते २० टक्के हा आकडा म्हणून परिणामाच्या आवाक्याचा अंदाज समजावा. कोणत्याही एका क्रियेचे ते माप नाही.

लहान चाचणीला काय दिसत नाही

आता दुसरा निष्कर्ष. शेजारी-शेजारी ठेवलेल्या, सारख्या वागवलेल्या वसाहतींतही माश्यांची संख्या सारखी नसते. राणीचे वय, आधीचा साठा, रोग यांमुळे ती बदलते. हा नैसर्गिक चढउतार सरासरीच्या २५ टक्के आहे असे मानू. कीटकनाशकामुळे १० टक्के घट होत असेल, तर ती पकडण्यासाठी किती वसाहती लागतील?

यासाठी एक सोपा अंदाज आहे. चढउताराला अपेक्षित घटीने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि १६ने गुणा. मिळते ती प्रत्येक गटातील वसाहतींची संख्या. एवढ्या वसाहती असतील, तर खरा फरक सापडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते. आपल्या उदाहरणात २५ भागिले १० म्हणजे २.५, त्याचा वर्ग ६.२५, गुणिले १६ म्हणजे १००. प्रत्येक गटात शंभर पेट्या हव्यात. घट २० टक्के असेल, तर २५ पेट्या पुरतात. उलट, गटात सहाच पेट्या असतील, तर सुमारे ४० टक्क्यांहून लहान घट त्या चाचणीला बहुधा दिसणारच नाही.

म्हणजे सहा पेट्यांची चाचणी करून ‘परिणाम आढळला नाही’ असे लिहिणारा खोटे बोलत नाही. पण ते वाक्य वाचून ‘परिणाम नाही’ असे म्हणणारा मात्र चुकतो. क्रेसवेल यांनी हे केवळ तक्रार म्हणून मांडले नाही, हिशेब करून दाखवले. या लेखाचे खरे श्रेय ते आहे.

आणखी एक सापळा आहे. एकाच शेतालगतच्या सहा पेट्या म्हणजे सहा स्वतंत्र पुरावे नव्हेत, कारण त्यांचा चारा, हवामान आणि फवारणी एकच असते. मोजायची असते ती शेतांची संख्या. आणि माश्या कित्येक किलोमीटर उडत असल्याने, फवारलेले व न फवारलेले शेत जवळजवळ असेल, तर तुलनेचा गटच दूषित होतो.

माशी ते वसाहत

लेखाची मोठी उणीव पुढच्या पायरीवर दिसते. एका माशीची क्षमता १० टक्के घटली, तर वसाहत १० टक्के दुबळी होईलच असे नाही. वसाहत तोटा भरून काढते. आँरी यांच्या गटानेच २०१५ साली हे दाखवले. थायामेथोक्झाम लावलेल्या बियांच्या रेप-मोहरीच्या शेतांजवळ बाहेर जाणाऱ्या माश्या खरोखर अधिक प्रमाणात नाहीशा होत होत्या. पण वसाहतींनी नरांची पिलावळ मागे टाकून कामकरी माश्यांची पिलावळ वाढवली, आणि माश्यांची संख्या व मधाचा साठा टिकून राहिला. प्रयोगशाळेतला निष्कर्ष आणि शेतातला निष्कर्ष दोन्ही खरे होते, एक माशीविषयी आणि दुसरा वसाहतीविषयी. भरपाईची किंमत मात्र वसाहतीला मोजावी लागली. नर उशिरा तयार झाले, म्हणजे तोटा प्रजननाकडे सरकला.

क्रेसवेल यांना या भरपाईची जाणीव होती. आँरी यांच्या २०१२च्या लेखातील गणिती प्रारूपात वसाहतीचा वाढीचा वेग फार कमी धरला आहे, असा आक्षेप त्यांनी हेलन थॉम्पसन यांच्यासह त्याच वर्षी घेतला होता. वाढीचा वेग वास्तवाला धरून घेतला, तर प्रारूपातली वसाहत कोसळत नाही. ज्यांनी शेत-चाचण्यांना अपुऱ्या ठरवले, त्यांनीच धोक्याची अतिशयोक्तीही दाखवून दिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

माय रुंडलॉफ व सहकाऱ्यांचा २०१५चा स्वीडनमधील प्रयोग या टीकेनंतरच्या रचनेचा नमुना आहे. त्यांनी १६ शेतांच्या आठ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत एका शेतात कीटकनाशक लावलेले बी पेरले, दुसऱ्यात न लावलेले. लावलेल्या शेतांत जंगली माश्या कमी आढळल्या आणि बंबल माश्यांच्या वसाहतींची वाढ खुंटली. पाळीव मधमाश्यांच्या वसाहतींत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. मोठी वसाहत धक्का पचवते, लहान वसाहतीला किंवा एकट्या माशीला ते जमत नाही, हे याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. तेव्हा पाळीव युरोपीय माशी सुरक्षित दिसली, म्हणून सर्व माश्या सुरक्षित असे अनुमान काढता येत नाही.

तंजावरच्या मधपाळाकडे परत

या पुराव्यातले तंजावरला किती लागू पडते? क्रेसवेल यांच्या लेखातील आकडे युरोपीय माशीचे आहेत. सातेरीची वसाहत तिच्यापेक्षा बरीच लहान असते, म्हणून भरपाईची क्षमता तेवढीच असेल असे गृहीत धरता येत नाही. दुसरे, युरोपातल्या या चाचण्यांत कीटकनाशक बियाला लावलेले होते आणि ते वनस्पतीतून अल्प प्रमाणात मकरंदात उतरत होते. उडदावर ते फुलोऱ्याच्या काळात पानाफुलांवर थेट फवारले जाऊ शकते, तेव्हा पहिल्या दिवसांतली संहती निराळी असेल. याउलट बारमाही फुलणारा नारळ जवळ असेल, तर माश्यांना स्वच्छ चाराही मिळतो.

तिसरी अडचण मोजण्याची आहे. चारा कमी झाला, उष्णता वाढली किंवा उपद्रव झाला, तर सातेरी पेटी सोडून निघून जाते. रिकामी पेटी म्हणजे मेलेली वसाहत नव्हे. शिवाय दुबळेपणाचे कारण रोगही असू शकतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरी वसाहतींचा मोठ्या प्रमाणावर नाश केला होता. त्या रोगात अळी कोषात जाण्यापूर्वी मरते आणि पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी दिसते. म्हणून आधी पिलावळीच्या फण्या तपासाव्या लागतात. अळ्या निरोगी आहेत, राणी अंडी घालते आहे, आणि तरीही बाहेर जाणाऱ्या माश्यांची संख्या फवारणीनंतर घटत गेली, तरच उपघातक परिणामाची शंका बळकट होते. पराग आणि मकरंदाचे नमुने फवारणीच्या आधी व नंतर तपासल्याशिवाय ती सिद्ध मात्र होत नाही.

तेव्हा मधपाळाला प्रामाणिक उत्तर असे देता येईल : तुमची शंका शास्त्राला धरून आहे. पण तुमच्या पाच-सहा पेट्यांवरून ती सिद्ध करता येणार नाही, आणि तेवढ्याच पेट्यांवरून कोणी ती फेटाळूही शकणार नाही.

स्वाध्याय

१. वसाहतींतील चढउतार ३० टक्के असेल आणि १५ टक्के घट पकडायची असेल, तर प्रत्येक गटात किती वसाहती लागतील?
२. एका चाचणीत दोन शेतांलगत प्रत्येकी २० पेट्या ठेवल्या, त्यांपैकी एकच शेत फवारले. येथे स्वतंत्र पुरावे किती? कारण सांगा.