‘असर’ची आकडेवारी आणि विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध

एम.एड.ला आणि अर्थशास्त्राच्या एम.ए.ला आता स्वतः शाळाशाळांत न फिरता, आधीच झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आकडेवारीवर लघुप्रबंध लिहिणारे विद्यार्थी दिसू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. तीन गावांतल्या साठ मुलांची प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा ‘प्रथम’च्या ‘असर’ सर्वेक्षणातल्या हजारो नोंदी नीट वाचणं कितीतरी मोलाचं. पण अशा प्रबंधांत विश्लेषणाचं प्रकरण चाळीस पानांचं आणि सर्वेक्षण कसं झालं हे सांगणारा मजकूर एका परिच्छेदाचा, असा तोल दिसतो. पुढच्या बहुतेक चुका त्या एका परिच्छेदातूनच निघतात.

‘असर’ हे ग्रामीण भारताचं, घरोघरी जाऊन केलेलं सर्वेक्षण आहे. ते 2005 साली सुरू झालं. नेहमीच्या सर्वेक्षणात प्रत्येक जिल्ह्यातली 30 गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडतात आणि प्रत्येक गावातली 20 घरं घेतात. 5 ते 16 वयाच्या मुलांची चाचणी घरीच, एकेकट्याने, तोंडी होते. वाचनाची सुरुवात पहिलीच्या पातळीच्या उताऱ्याने होते. तो अडखळत, सुटे शब्द जोडत नव्हे तर वाक्य म्हणून वाचता आला, तर मुलापुढे दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. नाही आला, तर शब्द. तेही नाही जमले, तर अक्षरं. मूल ज्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत पोचलं तीच पायरी नोंदवली जाते.

म्हणजे ही नोंद पायरीची आहे, गुणांची नव्हे. तरीही ‘अक्षरंही नाही’ धरून होणाऱ्या पाच पायऱ्यांना 1 ते 5 आकडे देऊन त्यांची सरासरी काढलेली आणि वर साधं रेषीय समाश्रयण चालवलेलं आढळतं. अक्षरावरून शब्दावर जाणं आणि उताऱ्यावरून गोष्टीवर जाणं ही सारख्याच अंतराची उडी आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. त्याला कसलाच आधार नाही. ‘दुसरीचा मजकूर वाचतो की नाही’ असा होय-नाहीचा चलच घ्यावा. निष्कर्षाचं वाक्यही त्याने स्वच्छ होतं. शिवाय गोष्टीच्या वर पायरीच नसल्यामुळे आठवीतली चांगली वाचणारी आणि जेमतेम वाचणारी मुलं इथे एकाच खान्यात बसतात.

सर्वांत मोठा घोटाळा जिल्ह्याच्या पातळीवर होतो. ‘अमुक जिल्ह्यात तिसरीच्या मुलांचं वाचन आठ टक्क्यांनी सुधारलं’ हे वाक्य प्रबंधात फार सहज येतं. आता हिशेब करू. 600 घरांत तिसरीतली मुलं समजा 70 मिळाली आणि त्यांतली निम्मी दुसरीचा मजकूर वाचतात. साधा यादृच्छिक नमुना मानला तरी प्रमाण त्रुटी सुमारे 6 टक्केबिंदू येते. पण एका गावातली मुलं एकाच शाळेत, एकाच शिक्षकाकडे जातात, म्हणून एकमेकांसारखी असतात. त्यामुळे नमुन्याचा खरा उपयोग निम्म्यावर आला असं धरलं, तर त्रुटी साडेआठच्या आसपास जाते. दोन वर्षांची तुलना करताना दोन्हीकडची त्रुटी मिळून ती 12 होते. मग 95 टक्के खात्रीने ‘बदल झाला’ म्हणायला 23 टक्केबिंदूंचा फरक दिसायला हवा. आठ टक्क्यांची ती सुधारणा निव्वळ नमुन्याची हेलकावणी असू शकते. ‘असर’च्या जिल्हावार तक्त्यांत तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र केलेली असतात, ती याच कारणाने. अहवाल बनवणाऱ्यांनी जी मर्यादा पाळली, ती विद्यार्थ्याने मोडू नये.

राज्याच्या पातळीवर नमुना पुरतो, पण भार लावावे लागतात, कारण लहान-मोठ्या सर्व जिल्ह्यांतून सारखीच घरं घेतलेली असतात. स्टाटामध्ये एवढं पुरे. चलांची नावं आपल्या फाइलप्रमाणे बदलावीत:

```
svyset village_id [pweight=wt], strata(district)
svy: mean reads_std2, over(school_type)
```

गावाचा क्रमांक प्रत्येक जिल्ह्यात 1 पासून सुरू होत असेल, तर जिल्हा आणि गाव जोडून नवा क्रमांक आधी बनवावा. भार आणि गुच्छ लावल्यावर त्रुटी जराही बदलली नाही, तर कुठेतरी आज्ञा चुकली आहे असं समजावं.

विद्यार्थ्यांचा सर्वांत आवडता विषय म्हणजे सरकारी विरुद्ध खाजगी शाळा. त्यासाठी देशपातळीवरचेच आकडे पाहा. तिसरीतल्या, दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के, 2022 मध्ये 20.5 आणि 2024 मध्ये 27.1 होतं. फक्त सरकारी शाळा घेतल्या, तर 20.9, 16.3 आणि 23.4. एकूण चित्र 2018 च्या जागी परत आलं, सरकारी शाळा मात्र त्याच्याही पुढे गेल्या. यावरून सरकारी शाळांचं अध्यापन सुधारलं, असं लगेच लिहिण्याचा मोह होतो. पण याच काळात 6 ते 14 वयोगटातल्या सरकारी शाळांतल्या मुलांचं प्रमाण 65.6 वरून 72.9 टक्क्यांवर गेलं आणि 2024 मध्ये 66.8 वर उतरलं. करोनाकाळात मुलं सरकारी शाळांत आली आणि नंतर परतली. त्यामुळे 2018, 2022 आणि 2024 च्या सरकारी शाळांतली मुलं एकाच प्रकारच्या घरांतली असतीलच असं नाही. अध्यापन खरोखर सुधारलंही असेल. पण या सरासऱ्यांतल्या फरकाने तेवढं सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक गाठ आहे. ‘असर’च्या घरच्या नोंदीत शाळा सरकारी की खाजगी हे कुटुंबाला विचारतात, अनुदानित असा वेगळा खाना नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून बाहेर पडलेलं खेड्यातलं मूल पुढे बहुधा एखाद्या शिक्षणसंस्थेच्या अनुदानित हायस्कुलात जातं, जिथे शिक्षकांचा पगार शासन देतं. म्हणून आठवीच्या ‘खाजगी’ मुलांवरून फीच्या शाळांबद्दल काही बोलणं इथे चुकीचं ठरतं. पहिली ते चौथीपुरतं राहिलं, तर हा गुंता बराच कमी होतो.

शासनाचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण अनुदानित शाळा वेगळ्या दाखवतं, म्हणून काही जण तिकडे वळतात. ते वर्गात, हजर मुलांवर होतं. शाळाबाह्य आणि गैरहजर मुलं त्यात येतच नाहीत. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या 2017 च्या फेरीत फक्त सरकारी व अनुदानित शाळा होत्या, 2021 मध्ये खाजगीही आल्या. गुणांची पट्टीही बदलली: आधी अचूक उत्तरांची टक्केवारी, नंतर 500 पैकी गुण. 2024 च्या फेरीत, म्हणजे ‘परख’मध्ये, इयत्ताही तिसरी, सहावी, नववी झाल्या. त्यामुळे या तीन फेऱ्या एका आलेखावर ओढलेल्या प्रबंधाला मार्गदर्शकाने तिथेच थांबवायला हवं. डग जॉन्सन आणि आंद्रेस पाराडो यांनी 2021 साली अशा सर्वेक्षणांची तुलना करून दाखवलं, की शासकीय सर्वेक्षणातली राज्यांची क्रमवारी ‘असर’शी फारशी जुळत नाही आणि त्यातले गुण फुगलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ‘असर’च्या वर्षावर्षाच्या चढउतारांवरही फार विसंबू नये, असं त्यांच्याच तुलनेतून निघतं. हा निबंध न वाचता या विषयावर प्रबंध लिहू नये.

मग या आकडेवारीतून विचारावं काय? आई शिकलेली आणि न शिकलेली अशा घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलांत, राज्यभरात, वाचनाचं अंतर किती आहे आणि ते दोन फेऱ्यांत वाढलं की घटलं, हा प्रश्न नमुन्याला पेलतो, महाराष्ट्राला लागू पडतो आणि कारण सिद्ध केल्याचा आव आणत नाही. मार्गदर्शकांना एकच विनंती आहे. विषयाला मान्यता देण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घ्या: आपल्या प्रश्नासाठी प्रत्येक गटात किती मुलं मिळतात, त्यावर प्रमाण त्रुटी किती येते आणि किती फरक दिसला तर तो खरा मानणार. ते पान जमलं नाही, तर विषय बदलायला अजून वेळ असतो.