छायाबाहुल्यांची ओळख : वाली-सुग्रीवाच्या निमित्ताने

चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाविषयी लिहिताना आपल्याकडे बहुधा एक कोष्टक मांडले जाते. निळा तो राम, दहा तोंडांचा तो रावण, शेपटीचा तो हनुमान, ठेंगणा तो विदूषक. हे कोष्टक चूक नाही; पण एवढ्यावर थांबले तर खेळ कळला असे होत नाही. आकार, रंग आणि अलंकार ही तीन खुणांची माध्यमे एकाच कामाची नाहीत. प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि एक अपुरे पडते तेथे दुसरे पुढे येते. हा परस्परसंबंध तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय आपल्याला परका नाही. कर्नाटकात या खेळाला तोगलु गोंबेआट म्हणतात. तोगलु म्हणजे चामडे आणि गोंबे म्हणजे बाहुली. तो परंपरेने सादर करणारा किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात समाज घरात मराठीची एक बोली बोलतो आणि पडद्यावर कन्नडमधून रामायण-महाभारत सांगतो. मंठाळ-बसवकल्याणच्या टापूत घरची भाषा एक आणि बाजाराची दुसरी, हा ज्यांचा रोजचा अनुभव आहे त्यांना यात नवल वाटू नये. या परंपरेतील कोप्पळ जिल्ह्याच्या मोरनाळ गावच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. तत्पूर्वी 2021 साली सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना तो सन्मान लाभला होता. पिंगुळीच्या ठाकर समाजाकडे चित्रकथी आणि कळसूत्रीबरोबर चामडी बाहुल्याही आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बकऱ्याचे कातडे खरवडून इतके पातळ करतात की त्यातून दिवा दिसावा. त्यावर आकृती रेखतात, बारीक छिन्न्यांनी भोके पाडतात आणि दोन्ही बाजूंनी रंग भरतात. यातून एक विलक्षण गोष्ट घडते. चित्रात किंवा कळसूत्री बाहुलीत दागिना वरून चढवलेला असतो; येथे तो कातडे काढून टाकल्याने होतो. रामाच्या गळ्यातला हार म्हणजे एक छिद्रांची ओळ. मागच्या दिव्याचा प्रकाश तीतून थेट पडद्यावर येतो. म्हणजे छायाखेळात अलंकार हा उजेड आहे आणि निरलंकार देह हा अंधार. राजा झगमगतो, तो केवळ दागिन्यांनी नव्हे, तर त्याच्या अंगाला पडलेल्या भोकांनी!

म्हणूनच अलंकार पात्राची ओळख कमी आणि अवस्था अधिक सांगतो. वनवासाला निघालेल्या रामाच्या डोक्यावर मुकुट नाही, जटा आहेत. अशोकवनातल्या सीतेचा देह लग्नातल्या सीतेसारखा उजळता कामा नये. कापलेले भोक बुजवता येत नाही. त्यामुळे एकाच पात्राच्या निरनिराळ्या प्रसंगांसाठी निरनिराळ्या बाहुल्या लागतात. मग या सगळ्या बाहुल्या एकाच रामाच्या, हे प्रेक्षकाला कशावरून कळते? रंगावरून. मुकुट गेला तरी निळा देह जात नाही. अलंकार बदलतो तेव्हा रंग ओळख टिकवून धरतो.

रंगालाही मर्यादा आहे. तेलाच्या दिव्याचा उजेड पिवळसर तांबडा. त्यात निळा अंश फार थोडा. म्हणून दुपारी ओसरीवर लख्ख निळी दिसणारी बाहुली रात्री पडद्यावर सावळी होते आणि निळ्या-हिरव्यातले अंतरही कमी होते. अशा वेळी आकार साहाय्याला येतो. शेपूट, धनुष्य, दहा मुखे या गोष्टी बाह्यरेषेतच उमटतात आणि सर्वांत मागे बसलेल्या माणसापर्यंत सर्वांत आधी पोचतात. देव-राजे मोठे आणि नोकरचाकर लहान, ही कर्नाटकातली रीतही आकाराचीच. ओडिशाच्या रावणछायेत तर बाहुल्यांना रंगच नसतो. सगळा भार रेषेवर आणि उभे राहण्याच्या ढबीवर असतो.

या तिन्ही साधनांची खरी परीक्षा वाली-सुग्रीवाच्या द्वंद्वात होते. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात पहिल्या झुंजीच्या वेळी राम बाण सोडत नाही आणि मार खाऊन आलेल्या सुग्रीवाला त्याचे कारण सांगतो. तुम्ही दोघे अलंकार, वेष, उंची, चाल, आवाज, कांती आणि दृष्टी या सर्वांत सारखे आहात, मला ओळख पटली नाही. ही यादी पाहा. बाहुलीकार ज्या ज्या खुणांवर विसंबतो त्या साऱ्या येथे एकामागून एक निकामी झाल्या आहेत. मग लक्ष्मण गजपुष्पीची फुललेली वेल सुग्रीवाच्या गळ्यात बांधतो आणि राम दुसऱ्या झुंजीत वालीला ओळखतो.

बाहुलीकारापुढे पेच असा, की प्रेक्षकाला दोघे कळावेत आणि रामाला मात्र कळू नयेत. वाली राजा म्हणून त्याला एकट्यालाच मुकुट दिला, तर प्रेक्षकाची सोय होते, पण मग समोरचा मुकुट न दिसणारा राम हास्यास्पद ठरतो. रंग वेगळे केले तरी तोच दोष. प्रामाणिक वाट एकच. पहिल्या झुंजीसाठी दोन्ही बाहुल्या एकाच आकाराच्या व रंगाच्या ठेवाव्यात आणि कोण कोठे आहे हे केवळ सांगणाऱ्याच्या निवेदनावर सोडावे. म्हणजे प्रेक्षकाचाही घटकाभर रामाइतकाच गोंधळ उडेल.

दुसऱ्या झुंजीला माळ हवी. खरी वेल किंवा दोरा बाहुलीच्या गळ्यात अडकवला तर पडद्यावर एक काळा पट्टा दिसेल. देह आधीच गडद असल्याने तो लोपूनही जाईल. म्हणून सुग्रीवाची दुसरी बाहुली लागते, जिच्या छातीवर माळेची छिद्रे कापलेली आहेत. तीही ठळक हवीत. झुंजीत बाहुली पडद्यापासून जराशी मागे सरली की बारीक छिद्रांचा उजेड पसरून पुसट होतो. ही रचना नीट साधली तर जे दिसते ते केवळ चित्र नव्हे. दोन सारख्या काळोख्या देहांपैकी एकाच्या छातीवर प्रकाशाची ओळ उमटते आणि तिच्यामुळे दुसऱ्याचे मरण ठरते. एरवी अवस्था सांगणारा अलंकार येथे ओळख होतो. कवीने शब्दांत सांगितलेली गोष्ट बाहुलीकार कातड्याच्या स्वभावातून सांगतो, हे या कलेचे स्वतंत्र सामर्थ्य मी मानतो.

याच्या अगदी उलट टोकाला विदूषक किळ्ळेक्यात उभा आहे, ज्याच्या नावानेच हा समाज ओळखला जातो. जाड ओठ, सुटलेले पोट, विस्कटलेले केस, काळा रंग आणि अंगावर दागिना जवळजवळ नाही. त्याच्या देहातून उजेड आरपार येत नाही. तो सारा बाह्यरेषेवर ओळखला जातो. काळा म्हणजे दुष्ट, असा अर्थ लावणाऱ्यांनी येथे थांबावे. रामही पडद्यावर सावळाच असतो आणि हा विदूषक दुष्ट नसून गावातल्या बड्यांना बोलण्याची मोकळीक असलेला माणूस आहे. मात्र खेळ करणाऱ्यांनी आपले नाव मुकुटवाल्या पात्राला नव्हे, या निरलंकार पात्राला द्यावे किंवा लोकांनी ते त्यांच्यावर चिकटवावे, यात समाजरचनेचा काही अंश उतरला आहे, हे समीक्षकाने नजरेआड करू नये.

आज चामड्याच्या आकृती भिंतीवरची शोभा आणि दिव्यांची झाकणे म्हणूनही विकल्या जातात. त्यांची पारख सोपी आहे. आकृती दिव्यासमोर धरावी. रंग दाट व अपारदर्शक असेल तर ती काळी ठिक्कर पडेल. छिद्रे केवळ नक्षी म्हणून सर्वत्र सारखी पाडलेली असतील तर राजा आणि सेवक सारखेच उजळतील. अशी आकृती दिवसा कितीही देखणी दिसो, तिच्यात कोणाला काय दिले आणि कोणाचे काय काढून घेतले, हे सांगण्याची शक्ती उरलेली नसते. वाली-सुग्रीवाची गोष्ट तिला सांगता येणार नाही.