यमक कुठे पडते?

यंत्राने रचलेल्या अभंगात चूक शोधायची तर बहुतेक जण अक्षरे मोजायला बसतात. मला वाटते, आधी यमक कुठे पडले आहे ते पाहावे. चूक तिथे लवकर सापडते आणि तिचे कारणही तिथेच कळते.

हा विषय अहिल्यानगर जिल्ह्यात बसून तपासण्यासारखा आहे, कारण इथे ओवी आणि अभंग या दोन्ही छंदांची घराणी आहेत. नेवाशाला प्रवरेकाठी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ताहाराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला. हे दोन्ही ग्रंथ ओवीतले. पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरच्या निळोबांनी मात्र अभंग लिहिले. म्हणूनच इथल्या शाळांच्या कार्यक्रमपत्रिकांवर, सप्ताहाच्या फलकांवर आणि दिंडीच्या निमंत्रणांवर आता यंत्राचे अभंग दिसू लागले, की ते खटकतात. शब्द सगळे ओळखीचे असतात. प्रवरा, वीणा, चंद्रभागा, भक्ती यांतले काहीच चुकलेले नसते, पण टाळावर म्हणायला घेतले की तिसऱ्या चरणात पाय अडखळतो.

मोठ्या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक जुळते. पहिला मोकळा असतो आणि चौथाही. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही, आणि बोलताना गिळला जाणारा ‘अ’ गाताना पुरा उच्चारायचा. म्हणजे ‘खांब’ हा शब्द बोलण्यात एका झटक्यात संपतो, अभंगात तो दोन अक्षरांचा.

आता छापील गाथा उघडून पाहा. कडवे चार ओळींत छापलेले नसते, दोन ओळींत असते. पहिल्या ओळीत सहा अधिक सहा आणि मग दंड, दुसऱ्या ओळीत सहा अधिक चार आणि दुहेरी दंड. त्यामुळे यमकाचे पहिले टोक पहिल्या ओळीच्या शेवटी येते आणि दुसरे टोक दुसऱ्या ओळीच्या पोटात. ओळीच्या शेवटी असतो तो चार अक्षरांचा मोकळा चरण. ज्याने अभंग कानाने ऐकला आहे त्याला हे सांगावे लागत नाही, टाळच ते सांगतो. यंत्राला मिळतो तो छापलेला मजकूर. त्यात बालगीते, चित्रपटगीते आणि चारोळ्या यांची भर मोठी, आणि त्या सगळ्यांत यमक ओळीच्या शेवटी. म्हणून यंत्र अभंगाचे यमकही बहुधा ओळीच्या शेवटी ओढून नेते. मधले यमक नाहीसे होते आणि चौथा चरण लांबून सहा-सात अक्षरांचा होतो, कारण यमकाला जागा हवी असते.

यमक मध्ये राहिले तरी ते कसे बिघडते, ही यंत्राच्या रचनेची दुसरी धाटणी दाखवण्यासाठी मी एक नमुना रचला आहे:

प्रवरेच्या काठी उभा आहे खांब ।
ज्ञानाचा तो स्तंभ अमर आहे ॥

पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आहेत. चौथ्यात ‘अमर आहे’ ही पाच झाली. ‘खांब’ आणि ‘स्तंभ’ दिसायला जवळचे, पण स्वर वेगळा आणि शेवटचे व्यंजनही वेगळे. हे डोळ्याचे यमक आहे, कानाचे नाही. शिवाय खांब म्हणजेच स्तंभ, त्यामुळे तिसऱ्या चरणाने अर्थात काहीच भर घातली नाही. हेच कडवे कानाने रचले तर असे होईल:

प्रवरेच्या काठी उभा एक खांब ।
त्यापाशी तू थांब क्षणभरी ॥

इथे ‘थांब’ ओळीच्या मध्यावर येऊन ‘खांब’ला भेटतो आणि शेवटचा चरण यमकाच्या ओझ्यातून सुटतो.

अक्षरे चुकण्याचे आणखी एक कारण आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा. संगणकात तो अकरा खुणांनी साठवला जातो, कारण हलन्त, काना, मात्रा यांची प्रत्येकी वेगळी खूण असते. भाषेचे यंत्र त्या खुणांचेही आपल्या सोयीने तुकडे पाडते, आणि ते तुकडे अक्षरांच्या हद्दींवर पडतीलच असे नाही. सहा अक्षरे म्हणजे किती, हे त्याला थेट दिसत नाही.

नाममुद्रेच्या ओळीत हे फार उघडे पडते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘निळा म्हणे’ ही चार अक्षरे चरणाच्या आतली आहेत. पुढे दोनच अक्षरांना जागा उरते. ‘एका जनार्दनी’ तर सहाच्या सहा अक्षरांनी चरण भरून टाकतो. यंत्र मुद्रेला सहीसारखी बाहेरची समजते. ‘तुका म्हणे’ लिहून पुढे पुन्हा सहा अक्षरे घालते आणि चरण दहाचा होतो. त्यातही मागणी नगरच्या अभंगाची असली तरी मुद्रा तुकोबांचीच येते. दुसऱ्याच्या रचनेवर संताचे नाव घालणे मला अत्यंत गैर वाटते. गाथांच्या संपादकांना प्रक्षिप्त अभंग वेगळे काढताना किती कष्ट पडले, ते आठवावे.

ओवीत अक्षरांची बंधने सैल, त्यामुळे मोजणीने काही हाती लागत नाही. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. चौथा आखूड आणि सुटा असतो, आणि अर्थ बहुधा तिथेच पुरा होतो. मी रचलेला आणखी एक नमुना:

सूर्य उगवे डोंगरी । ऊन सांडे शेतावरी ।
तेचि येई माझ्या घरी । न सांगतां ॥

यंत्र चौथ्या चरणाच्या जागी ‘आनंद भरे अंतरी’ घालील. अक्षरे आठ, यमकही जुळलेले, आणि ओवी गेली. चारही चरण सारखे झाले की ती आरतीच्या चालीत जाऊन बसते. ऊन न सांगता घरात आले, ही गोष्ट ज्या चार अक्षरांत होती ती पुसली जाते.

एवढ्यावरून कोणाच्या रचनेला ‘यंत्राची’ म्हणून बोट दाखवू नये. संतांच्या अभंगांतही सात अक्षरांचे चरण आहेत, आणि पाठभेदांनी त्यांत भर घातली आहे. गाताना ते अक्षर सहज सामावते. नवशिक्याही चुकतो, पण त्याची चूक उलट्या बाजूची असते. तो मोजणी सांभाळतो आणि व्याकरण वाकवतो. ‘पाहून’चे ‘पाहोनिया’ करतो, ‘क्षणभर’चे ‘क्षणभरी’ करतो, प्रत्यय गाळतो. यंत्र शब्द कोशातल्यासारखा शुद्ध ठेवते आणि चरण मोडू देते. शुद्धलेखन निर्दोष आणि चाल लंगडी, असे एकत्र दिसले तर माझा संशय बळावतो.

ही खूण कायमची नाही. अक्षरे मोजणारी छोटी आज्ञावली जोडून, जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा रचना करवून घेतली तर मोजणी बिनचूक येऊ शकते. मग चरणाची हद्द पाहावी. ‘नेवाशाच्या वाटेवर गर्दी झाली’ ही अक्षरे बरोबर बारा आहेत. पण सहावे अक्षर ‘टे’वर पडते आणि ‘वर’ पुढच्या चरणात जातो. टाळ शब्दाच्या मध्यावर वाजतो. संतांच्या रचनेत असे क्वचितच आढळते. कीर्तनाला बसणारा माणूस हीच ओळ ‘नेवाशाच्या वाटे गर्दी झाली फार’ अशी करील. ‘वर’ गाळून जुनी सप्तमी घेईल, आणि उरलेल्या जागेत ‘फार’ बसवून पुढच्या चरणासाठी यमकही तयार ठेवील.